टीबीचा कोर्स सुरू करण्याआधी दुपारची लघवी तपासा

डॉक्टर, माझे मिस्टर ठिबक सिंचनाच्या कामासाठी दोन वर्षं मलावीत होते, मागच्या जूनमध्ये परत आले. तिथे सुट्टीला सगळे मिळून मोठ्या सरोवरात पोहायचे. त्याआधीच्या दिवाळीत मी आणि मुलगा गेलो होतो, तेव्हा आम्हीही काठाकाठाने पाण्यात खेळलो. मिस्टरांना तिथे गेल्यावर पहिल्याच वर्षी तीन-चार आठवडे ताप, खोकला आणि अंगावर गांधी असं झालं होतं, टायफॉइड म्हणून औषधं दिली. आता तीन महिन्यांपासून लघवीच्या शेवटी लाल येतं. कल्चर साफ आहे. सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड आणि डावी मूत्रनळी किंचित फुगलेली दिसली. डॉक्टरांना टीबीचा संशय आहे, दुर्बीण घालून बघू आणि कोर्स सुरू करू म्हणाले. मिस्टरांचा तिकडचा सहकारी म्हणतो, हे सरोवरातल्या गोगलगायींमुळे होतं. गोगलगायीमुळे लघवीत रक्त कसं येईल? आणि जंताची गोळी तर आल्या आल्या आम्ही तिघांनी घेतली होती. सासूबाई रोज रामकुंडावर जातात, त्यांना घरातून काही लागेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई,

सहकाऱ्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या क्रमाने गोष्टी घडल्या असतील, तर तुमच्या मिस्टरांना शिस्टोसोमियासिस हा जंताचा आजार असण्याची शक्यता बरीच आहे. जुन्या पुस्तकांत याला बिल्हार्झिया म्हणतात, कारण १८५१ मध्ये कैरोत थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने शवविच्छेदन करताना हा जंत पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे तो वैद्यकीय शिक्षणात परीक्षेपुरता वाचला जातो आणि पुढे आयुष्यभर दिसत नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी आधी टीबीचा विचार केला, यात त्यांची चूक नाही. महाराष्ट्रात लघवीत रक्त, कल्चर साफ आणि मूत्राशय जाड असं चित्र दिसलं की टीबी मनात येणारच. फक्त तुमच्या मिस्टरांच्या पायांनी मलावीचं पाणी तुडवलं आहे, हे त्या चित्रात धरलं गेलेलं दिसत नाही. डॉक्टरांना हे सांगितलंत का? नसेल, तर पुढच्या भेटीत पहिलं वाक्य तेच असू द्या.

आता गोगलगायीचं. जमिनीवर सरपटणारी ती गोगलगाय नव्हे. ही गोड्या पाण्यात राहणारी, बोटाच्या पेराहूनही लहान शंखी असते, आणि ती चावत नाही, डसत नाही. या जंताची अळी तिच्या अंगात वाढते आणि संख्येने भरमसाट होते. मग दिवसा उन्हं वर आली की शेपटीच्या अळ्या पाण्यात सुटतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. माणसाची कातडी पाण्यात आली की त्या तिला चिकटतात आणि काही मिनिटांत शेपटी टाकून आत शिरतात. जखम असायची गरज नाही, पाणी तोंडात जायचीही गरज नाही. काहींना त्या जागी तासा-दोन तासांत खाज येते, बहुतेकांना काहीच कळत नाही. गोगलगायीतून निघालेली अळी पाण्यात दोन दिवसांच्या आत मरते, तेव्हा धोका असतो तो शंख्या आणि माणसांची ये-जा एकाच ठिकाणी असलेल्या काठाचा. त्यात भर दुपारचं पोहणं सगळ्यात वाईट.

मलावीच्या सरोवराचं पाणी नितळ, वाळू स्वच्छ, म्हणून तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांचा कित्येक वर्षं समज होता की उघड्या सरोवराला हा धोका नाही. १९९२ मध्ये केप मॅक्लिअरला पोहलेल्या दोन अमेरिकन स्वयंसेवकांना याच जंतामुळे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार झाला, तेव्हा तो समज मोडला. पुढे तिथल्या परदेशी रहिवाशांची रक्ततपासणी केली, तर संसर्ग झालेले पुष्कळ निघाले. तुमच्या मिस्टरांचे मित्र "आम्ही इतकी वर्षं पोहतोय, काही झालं नाही" म्हणत असतील, तर त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. काही न जाणवणं हा या आजाराचा नेहमीचा स्वभाव आहे.

तो टायफॉइडही मला टायफॉइड वाटत नाही. कातडीतून शिरलेली अळी रक्तातून फुफ्फुसात जाते, तिथून यकृताच्या रक्तवाहिन्यांत येऊन मोठी होते. पहिल्यांदा संसर्ग झालेल्या माणसाचं शरीर साधारण तीन ते आठ आठवड्यांनी याला जोरात उत्तर देतं. ताप येतो, कोरडा खोकला होतो, अंगावर गांधी उठतात, आणि रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी खूप वाढतात. याला कातायामा ताप म्हणतात. त्या वेळचा रक्ताचा रिपोर्ट फायलीत असेल तर शोधा आणि त्यात इओसिनोफिलचा आकडा बघा. टायफॉइडमध्ये या पेशी उलट कमी होतात, कधी कधी दिसतही नाहीत. त्या वेळी आकडा १५-२० टक्के किंवा त्याहून वर असेल, तर तो एक कागद तुमच्या डॉक्टरांचं मत बदलायला पुरे आहे. आजचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, जुन्या आजारात या पेशी खाली येतात.

तुमचा खरा प्रश्न आहे रक्त कसं येतं हा, आणि त्याचं उत्तर जंतात नाही, त्याच्या अंड्यांत आहे. मोठे झालेले नर-मादी जोडीने राहतात, लांबी एक-दोन सेंटिमीटर. शिस्टोसोमा हिमॅटोबियम ही जात मूत्राशयाभोवतीच्या शिरांत जाऊन बसते. हे जंत आपल्याच रक्तातले घटक अंगावर पांघरून घेतात, म्हणून शरीर त्यांना परकं मानत नाही आणि ते वर्षानुवर्षं जगतात. तीन ते दहा वर्षं तर सहज, काही त्याहूनही जास्त. मादी रोज अंडी घालते, या जातीत काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत. अंड्याच्या एका टोकाला काटा असतो. ते शिरेतून निघून मूत्राशयाची भिंत पार करून लघवीत पडावं, ही त्याची वाट. आतला जीव पाचक रस सोडून ती वाट मोकळी करतो. भिंत पार करताना बारीक रक्तस्राव होतो. मूत्राशय शेवटी आवळतं तेव्हा भिंतीतली अंडी आणि रक्त बाहेर पिळून निघतात, म्हणून लाल रंग लघवीच्या शेवटाला दिसतो.

पण जवळजवळ निम्मी अंडी बाहेर पडतच नाहीत. ती भिंतीत अडकतात. जंतांना ओळखू न शकलेलं शरीर या अंड्यांना मात्र लगेच ओळखतं आणि त्यांच्याभोवती पेशींचा वेढा घालतं, त्याची बारीक गाठ बनते. अंडं तीनेक आठवड्यांत मरतं, गाठ मात्र हळूहळू आकसून तिथे कडक धागे तयार होतात. एका अंड्याने काही बिघडत नाही. रोजची शंभर अंडी आणि पाच-सात वर्षं असा हिशेब करा. भिंत जाड होते, ताण घ्यायची तिची क्षमता जाते, मेलेली अंडी चुन्याने माखतात आणि एक्स-रेत मूत्राशयाची कड पांढरी दिसू लागते. मूत्रनळी जिथे मूत्राशयाला मिळते ते टोक अरुंद झालं की वरची लघवी तुंबते, नळी फुगते आणि मागोमाग किडनी. यात फारसं दुखत नाही, हीच अडचण. बऱ्याच वर्षांच्या आजारात मूत्राशयाचा एक विशिष्ट कर्करोगही होतो, आणि हा जंत कर्करोगाला कारणीभूत असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केलेलं आहे. याच जंताची दुसरी जात, मॅन्सोनाय, आतड्याच्या शिरांत राहते. तिची अंडी यकृतात अडकतात आणि यकृतातल्या रक्तवाहिन्यांभोवती कडक आवरण तयार होतं. मग प्लीहा वाढते आणि एक दिवस रक्ताची उलटी होते. ती जातही मलावीत आहे, म्हणून शौचाची तपासणीही सोबत होऊ द्या.

तुमच्या मिस्टरांची डावी नळी "किंचित" फुगलेली आहे आणि आजाराला फार तर तीन-साडेतीन वर्षं झाली असतील. या टप्प्यावर जंत मेले आणि नवी अंडी थांबली, तर सूज बहुधा सहाएक महिन्यांत पुष्कळ उतरते. कडक झालेले जुने धागे मात्र औषधाने विरघळत नाहीत. म्हणून वेळ लावू नका.

आता टीबीच्या कोर्सबद्दल मी इतका का अडून बसलो आहे ते सांगतो. त्या कोर्समधलं मुख्य औषध रिफॅम्पिसिन. शिस्टोसोमियासिसवर जे एकमेव हुकमी औषध आहे, प्राझिक्वांटेल, ते रिफॅम्पिसिन चालू असताना यकृतात इतक्या वेगाने मोडलं जातं की रक्तात टिकतच नाही. रिफॅम्पिसिन बंद केल्यावरही साधारण चार आठवडे थांबावं लागतं. म्हणजे अंदाजाने टीबीचा कोर्स सुरू झाला, तर खऱ्या आजाराचं औषध सहा महिने लांबतं आणि तोवर अंडी भिंतीत साचत राहतात. उलट क्रमात काही अडत नाही. प्राझिक्वांटेल एका दिवसाचं काम आहे, ते आधी देऊन मग टीबीचा कोर्स सुरू करता येतो. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, हेही लक्षात ठेवा. म्हणून लघवीची सीबीनॅट तपासणी जरूर करा. ती पॉझिटिव्ह आली तर टीबीचे उपचार व्हायलाच हवेत, फक्त कोणतं औषध आधी हे डॉक्टरांना ठरवू द्या.

लघवी कशी द्यायची, यात बहुतेक जण चुकतात. लॅबवाले सवयीने "सकाळची पहिली लघवी आणा" म्हणतात, आणि टीबीसाठी तेच बरोबर आहे. या अंड्यांसाठी ते चुकीचं. अंडी सर्वांत जास्त बाहेर पडतात ती सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. मिस्टरांना त्याआधी इमारतीचे दोन-तीन जिने चढ-उतार करायला सांगा, मग लघवी धरायची, आणि शेवटचे थेंब बाटलीत यायलाच हवेत. असे वेगवेगळ्या तीन दिवशी तीन नमुने द्यायचे. प्रवाशाच्या अंगात जंत थोडे असतात, एका नमुन्यात अंडं सापडेलच असं नाही. आणि चिठ्ठीवर नुसतं "युरिन रुटीन" नको. "शिस्टोसोमा हिमॅटोबियमची अंडी बघणे, लघवी गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. दहा मिलिलिटर लघवी गाळणीतून काढून ती गाळणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. टोकाला काटा असलेलं अंडं एकदा दिसलं की पुढे वादच नाही.

सोबत रक्तातली अँटिबॉडीची तपासणी करा. नाशिकच्या लॅबला नमुना बाहेर पाठवावा लागेल, चार-सहा दिवस धरा. पाण्याशी संबंध आल्यावर ही पॉझिटिव्ह व्हायला दीड ते तीन महिने लागतात, तुमच्या बाबतीत तो काळ केव्हाच उलटला आहे. ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे उपचार लागू पडला का हे तिच्यावरून ठरवता येत नाही. पण जन्म नाशिकचा आणि आफ्रिकेचं पाणी पहिल्यांदाच अंगाला लागलेलं, अशा माणसात ती पॉझिटिव्ह येणं पुरेसं बोलकं आहे.

दुर्बीण नकोच असं मी म्हणत नाही. लघवीत रक्त आणि भिंत जाड असताना मूत्राशयात डोकावणं योग्यच आहे, गाठ आहे की नाही तेही कळतं. जुनी अंडी साचलेली जागा आतून वाळूच्या कणांसारखी पिवळट, खरखरीत दिसते. फक्त दुर्बीण घालायच्या आधी संशय सांगून ठेवा. म्हणजे तुकडा काढला तर त्यातला एक कण फॉर्मॅलिनमध्ये न टाकता, ताजा असतानाच काचेवर दाबून बघता येईल. लघवीत न सापडलेली अंडी अशा वेळी सापडतात.

निदान पक्कं झालं तर औषध सोपं आहे. प्राझिक्वांटेलची मात्रा किलोमागे ४० मिलिग्रॅम. समजा मिस्टरांचं वजन ७५ किलो असेल, तर ३००० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० च्या पाच गोळ्या. एकाच दिवसात जेवणानंतर तीन आणि चार-सहा तासांनी पुन्हा खाऊन दोन. गोळी भयंकर कडू असते, चघळायची नाही. पोटात मुरडा, मळमळ, डोकं जड होणं हे एक दिवस चालतं. त्या दिवशी गाडी चालवू नये. एका डोसने सगळे जंत मरतातच असं नाही, म्हणून बरेच डॉक्टर काही आठवड्यांनी डोस पुन्हा देतात.

एक गोष्ट मात्र औषध घेण्याआधी सांगायलाच हवी. मिस्टरांना कधी फीट आली असेल, किंवा सतत डोकेदुखीसाठी काढलेल्या स्कॅनमध्ये मेंदूत गाठी सापडल्या असतील, तर ते डॉक्टरांना आधी कळू द्या. आपल्याकडे मेंदूत फीतकृमीच्या अळीच्या गाठी असलेले लोक कमी नाहीत. प्राझिक्वांटेल त्या अळ्याही मारतं, भोवती सूज येते आणि झटके येऊ शकतात. डोळ्यात अशी गाठ असेल तर हे औषध देतच नाहीत.

तुम्ही तिघांनी घेतलेली जंताची गोळी बहुधा अल्बेंडाझोल असणार, शाळांत वाटतात तीच. ती आतड्यातल्या जंतांसाठी. रक्तवाहिनीत राहणाऱ्या या जंताला तिचा काही उपयोग नाही. प्राझिक्वांटेल प्रत्येक केमिस्टकडे तयार असत नाही, मागवावं लागतं. ते मिळेना म्हणून कोणी कुत्र्याची जंताची गोळी सुचवली, तर ऐकू नका. औषध तेच असतं हे खरं, पण ताकद आणि सोबतची औषधं वेगळी असतात.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबलो. "आम्हीही काठाकाठाने पाण्यात खेळलो" असं लिहून तुम्ही पुढे गेलात. ताई, अळ्या काठाशीच जास्त असतात. तुमची आणि मुलाची तपासणी मिस्टरांच्या सोबतच व्हायला हवी, त्रास नसला तरी. बायकांमध्ये हीच अंडी गर्भाशयाच्या मुखात आणि योनीमार्गात अडकतात. अंगावरून पांढरं जाणं, संबंधांनंतर रक्त येणं, ओटीपोटात दुखणं अशा तक्रारी होतात आणि लघवीत अंडं सापडेलच असं नाही. मग वेगवेगळ्या अँटिबायोटिक्सचे कोर्स होत राहतात. तुमच्यासाठी लघवीपेक्षा रक्ताच्या तपासणीवर जास्त भर द्या, आणि यातली एखादी तक्रार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना मलावीचं सांगा. मुलाला संसर्ग निघाला तर मात्रा तीच, किलोमागे ४०. बावीस किलोच्या मुलाला दीड गोळी.

सासूबाईंना घरातून काहीही लागणार नाही. हा आजार ताटातून, संडासातून, कपड्यांतून किंवा नवरा-बायकोच्या संबंधांतून पसरत नाही. अंडं गोड्या पाण्यात पडून त्यातून निघालेला जीव ठरावीक जातीच्या गोगलगायीत शिरला, तरच पुढचं चक्र फिरतं. मलावीत ते काम बुलिनस नावाच्या शंख्या करतात, आणि त्या भारतात नाहीत. जिथे त्या आहेत तिथे एक-दोन प्रवाशांच्या लघवीनेही आजार रुजू शकतो. कॉर्सिका बेटावरच्या एका नदीत २०१३ च्या उन्हाळ्यात पोहलेल्या लोकांना तो असाच झाला. आपल्याकडे मात्र याला एक विचित्र अपवाद आहे, तोही महाराष्ट्रातलाच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये लघवीत रक्त येणारे रुग्ण आढळले. ते कधी आफ्रिकेला गेलेले नव्हते. तिथे हा जंत ओढ्यातल्या टोपीच्या आकाराच्या एका इवल्याशा शंखीत वाढत होता. तो प्रकार त्या गावापुरता राहिला, गोदावरीशी त्याचा संबंध नाही.

नाशिक भागात दिसतात त्या चपट्या चकरीसारख्या शंख्या गुरांच्या शिस्टोसोमाच्या. इगतपुरी-त्र्यंबककडे आवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्यांच्या पायांना खाज सुटते, त्यातली काही या गुरांच्या अळ्यांमुळे असते. त्या माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात, आत रोग होत नाही. रामकुंडाच्या पाण्यात उतरताना काळजी करायची तर सांडपाण्याची करा.

मिस्टरांना औषध दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी लघवी पुन्हा दुपारचीच तपासा. मेलेली अंडी काही आठवडे पडत राहतात, म्हणून अंडं दिसलं तर ते जिवंत आहे का हे लॅबला विचारा. सोनोग्राफी सहा महिन्यांनी. तेव्हाही डावी नळी फुगलेली असेल, तर प्रश्न जंताचा उरलेला नसून अरुंद झालेल्या टोकाचा आहे, आणि त्याचा इलाज युरॉलॉजिस्टकडे आहे.